पारशी आडनावं: बाटलीवाला, दारूवाला, इंजिनीअर, बिलिमोरिया (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मुंबई-पुण्यात राहणाऱ्या मराठी माणसाच्या कानावर पारशी आडनावं लहानपणापासून पडत असतात. दवाखान्याची पाटी, वर्गातली हजेरी, क्रिकेटची कॉमेंट्री, कुठेही ती भेटतात. त्यामुळे त्यांच्याबद्दलचे प्रश्नही बहुतेक तेच तेच असतात. उत्तरं देताना मी एकच धागा धरला आहे: ही आडनावं अमुक दिवशी, अमुक कागदावर पक्की झाली, आणि तो कागद कोणता होता हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

पूर्वी पारशांना आडनाव नव्हतंच का?

आज ज्या अर्थाने आपण आडनाव म्हणतो, म्हणजे बापाकडून मुलाकडे न बदलता जाणारं कुळाचं नाव, त्या अर्थाने बहुतेकांना नव्हतं. स्वतःचं नाव आणि पुढे वडिलांचं नाव एवढ्यावर काम भागत असे. जमशेदजींचा मुलगा रुस्तमजी असला तर तो रुस्तमजी जमशेदजी. रुस्तमजीच्या मुलाचं नाव सोराबजी ठेवलं तर तो सोराबजी रुस्तमजी. म्हणजे नावाचा दुसरा भाग दर पिढीला बदलायचा.

फील्ड मार्शल माणेकशॉ यांच्या पूर्ण नावात ही जुनी रीत अजून दिसते: सॅम होर्मसजी फ्रामजी जमशेदजी माणेकशॉ. सॅम हे स्वतःचं नाव, होर्मसजी वडिलांचं, आणि त्यापुढे आधीच्या पिढ्या. शेवटचं माणेकशॉ हेही मुळात एका माणसाचं पाळण्यातलं नावच. ते पुढे सरकायचं थांबलं आणि आडनाव झालं.

मग धंद्याचं नाव चिकटलं कसं?

पारशी समाज लहान, आणि नावांचा साठाही मर्यादित. एकाच मोहल्ल्यात चार रुस्तमजी जमशेदजी असले तर लोक ओळखणार कसे? मग कुणी बाटल्या विकणारा, कुणी घड्याळं दुरुस्त करणारा, कुणी भरूचहून आलेला, अशी ओळख नावाला जोडली जायची. ती इतरांनी दिलेली असायची. माणूस स्वतः सही करताना ती लिहीलच असं नव्हतं, आणि धंदा बदलला की ओळखही बदलायची.

धंदा पिढ्यान् पिढ्या टिकला तर मात्र नाव कागदाशिवायही पक्कं व्हायचं. वाडिया हे त्याचं ठळक उदाहरण. वाडिया म्हणजे जहाजं बांधणारा. लवजी नसरवानजी हे सुतार-कारागीर ईस्ट इंडिया कंपनीच्या कामासाठी १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले. त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षं मुंबई गोदीचे मुख्य बांधणीकार याच घराण्यातले होते. याच घराण्याने १८१७ मध्ये इथे बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ हे लढाऊ गलबत आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाहता येतं. इतका काळ एकच काम एका घरात चाललं तर ते घर वाडियाच राहणार. पण असं भाग्य फार थोड्या आडनावांच्या वाट्याला आलं. कायदेपंडित नानी पालखीवाला यांच्या पूर्वजांचा पालख्या बनवण्याचा धंदा होता. पालख्या रस्त्यावरून गेल्या, घरातला धंदा गेला, आणि नाव राहिलं. बहुतेक आडनावांची कथा ही दुसऱ्या प्रकारची आहे.

नावं पक्की कधी झाली, आणि का?

मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढे. एका हुकुमाने हे झालं नाही. मुंबईत इंग्रजी शाळा आल्या, १८५७ मध्ये विद्यापीठ आलं, गिरण्या आल्या, रेल्वे आली. प्रत्येक ठिकाणी नोंदवही होती आणि तिच्यात घराण्याच्या नावासाठी जागा होती. शाळेत मुलाचं जे नाव चढलं तेच मॅट्रिकच्या यादीत, तेच पदवीवर, तेच नोकरीच्या कागदावर. एकदा पदवीवर ‘कॉन्ट्रॅक्टर’ लागलं की मुलगा डॉक्टर झाला तरी तो डॉक्टर कॉन्ट्रॅक्टरच.

दुसरा धक्का कायद्याचा. १८६५ मध्ये पारशांसाठी दोन स्वतंत्र कायदे झाले, एक विवाह आणि घटस्फोटाचा, दुसरा मृत्युपत्र न करता गेलेल्या माणसाच्या वारसांचा. लग्नाचा दाखला लिहून त्याची नोंदणी करणं आवश्यक झालं, आणि इस्टेटीत हिस्सा मागायचा तर आपण कुणाचे कोण हे कागदावर दाखवावं लागू लागलं. बाप एका नावाचा आणि मुलगा दुसऱ्याच नावाचा असेल तर वकिलाचं काम वाढायचं. सगळ्या घराने एकच नाव धरून ठेवण्यात आता रोकडा फायदा होता.

विवाह कायद्याची १९३६ ची सुधारित आवृत्ती आजही लागू आहे. तिच्यातल्या दाखल्याच्या नमुन्यात वधूवरांच्या नावांसाठी एक रकाना आहे आणि ‘दर्जा किंवा व्यवसाय’ यासाठी वेगळा. वडिलांचा व्यवसायही वेगळा विचारला आहे. नाव आणि काम यांची फारकत इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसते. एकाच दाखल्यावर नावाच्या रकान्यात ‘मिस्त्री’ आणि व्यवसायाच्या रकान्यात ‘बँकेत कारकून’ असं सहज येऊ शकतं.

दादाभाई नौरोजींचं आडनाव नौरोजी होतं का?

त्यांच्या पिढीच्या हिशेबाने नाही. दादाभाईंचे वडील नौरोजी पालनजी दोर्डी. घराण्याचं नाव दोर्डी, पण दादाभाई स्वतःचं आणि वडिलांचं नाव एवढंच वापरत. त्याच नावाने ते १८९२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेले.

आता त्यांच्या नातींकडे पाहा. स्वातंत्र्यचळवळीत काम केलेल्या खुर्शीदबेन या खुर्शीदबेन नौरोजी म्हणूनच ओळखल्या जातात. जुन्या रीतीने त्यांच्या नावापुढे वडिलांचं, अर्देशर हे नाव आलं असतं. पण तोवर नौरोजी हे घराण्याचं नाव झालं होतं, म्हणजे पणजोबांचं पाळण्यातलं नाव पणतीचं आडनाव बनलं. नात पेरीनबेन लग्नानंतर पेरीन कॅप्टन झाल्या, म्हणजे सासरी त्यांना हुद्द्यावरून आलेलं आडनाव मिळालं. दोन पिढ्यांत एका घरात जुनी रीत मोडून नवी कशी रुजली, हे पाहायला याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

कायद्यानेच एखादं नाव कायम केलं, असं कधी झालं का?

झालं, आणि मुंबईतल्या सर्वांत प्रसिद्ध पारशी नावाच्या बाबतीत झालं. जे. जे. रुग्णालय आणि जे. जे. कला महाविद्यालय ज्यांच्या नावाने आहेत, ते जमशेदजी जीजीभॉय. जन्म १७८३ चा. आईवडील लहानपणीच गेले आणि ते मामा फ्रामजी नसरवानजी यांच्या आधाराने मुंबईत वाढले. हेच मामा पुढे त्यांचे सासरे झाले. मामांचा धंदा रिकाम्या बाटल्या विकत घेऊन पुन्हा विकण्याचा, म्हणून ते बाटलीवाला. त्या काळी काच बाहेरून यायची, त्यामुळे रिकामी बाटलीही विकत घेण्याजोगी वस्तू होती. तरुण जमशेदजी याच धंद्यात पडले आणि त्यांनाही लोक बाटलीवाला म्हणत.

पुढे चीनच्या व्यापारात त्यांनी अफाट संपत्ती मिळवली. त्या व्यापारात कापसाबरोबर अफूही होती, हे सांगायला हवं. १८५७ मध्ये त्यांना बॅरोनेट हा वंशपरंपरेने चालणारा किताब मिळाला. इथे अडचण उभी राहिली. किताब थोरल्या मुलाकडे जाणार, पण जुन्या रीतीने मुलाचं नाव कर्सेटजी जमशेदजी, नातवाचं आणखी वेगळं. किताबाला चिकटून राहील असं घराण्याचं नावच नाही! म्हणून १८६० मध्ये खास कायदा झाला. जो कुणी किताबाचा वारस होईल त्याने स्वतःचं नाव सोडून ‘जमशेदजी जीजीभॉय’ हे नाव घ्यायचं, असं त्यात ठरवलं. १८५९ मध्ये वडील गेल्यावर वारस झालेले कर्सेटजी याप्रमाणे सर जमशेदजी जीजीभॉय झाले, आणि त्यांच्यानंतरचे वारसही.

ज्या माणसाला बाटलीवाला हे आडनाव सहज लागू शकलं असतं, त्याचं स्वतःचं आणि वडिलांचं, अशी दोन्ही नावं मिळून घराण्याची खूण झाली. एरवी शाळेच्या नोंदवहीने हळूहळू केलेलं काम इथे कायद्याच्या एका कलमाने केलं.

इंजिनीअर, कॉन्ट्रॅक्टर, डॉक्टर ही इंग्रजी आडनावं किती जुनी?

शब्दच काळ सांगतो. मिस्त्री, मोदी, मेहता ही देशी कामांची नावं, ती कितीही मागे जाऊ शकतात. इंजिनीअर किंवा सॉलिसिटर मात्र तो पेशा इथे आल्याशिवाय कुणाला लागणं शक्य नाही. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, १८५४ मध्ये पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला, त्याच दशकात मुंबईत पहिली कापडगिरणी उभी राहिली. गिरणीतलं इंजिन सांभाळणारा आणि रेल्वेचा ठेका घेणारा माणूस त्यातून निर्माण झाला. पारशी या कामांत आघाडीवर होते, आणि नेमकी हीच नावं पक्की होण्याचीही वर्षं. काम नवं, त्याला गुजराती शब्द नाही, नोंदवही इंग्रजी. म्हणून आडनावही इंग्रजी.

यष्टिरक्षक फारुख इंजिनीअर किंवा भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांची नावं घेताना हे लक्षात असलं की ती नावं जुन्या मुंबई राज्याच्या औद्योगिक इतिहासाचा तुकडा वाटू लागतात. मर्चंट, प्रिंटर, कूपर, मास्टर ही याच रांगेतली. इतिहासकार माणेकशा कमिसारियट यांचं आडनाव लष्कराला रसद पुरवणाऱ्या खात्यावरून आलं आहे.

याला एक मोठा अपवाद आहे, तो रेडीमनी. हे इंग्रजी नाव अठराव्या शतकातलं. हिरजी जीवणजी आणि त्यांचे भाऊ चीनच्या व्यापारात होते, हाताशी रोख पैसा असायचा, तो व्यापाऱ्यांना वेळेला मिळायचा, म्हणून गोऱ्या व्यापाऱ्यांनी त्यांना रेडीमनी म्हणायला सुरुवात केली. मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहाला ज्यांचं नाव आहे ते सर कावसजी जहांगीर याच घराण्यातले.

दारूवाला म्हणजे दारू विकणाऱ्याचा वंशज, हे बरोबर का?

बऱ्याचदा बरोबर, नेहमी नाही. दक्षिण गुजरातेत, सुरत-वलसाडच्या पट्ट्यात, मोहाच्या फुलांची दारू आणि ताडी यांचा धंदा एकोणिसाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर पारशांच्या हातात होता. खेडोपाडी पारशी दुकानदार असायचा. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या छोट्या भट्ट्या बंद करून दारू गाळण्याचं काम मोठ्या ठेकेदारांकडे नेलं. भांडवल असलेल्या पारशी ठेकेदारांची त्यामुळे भरभराट झाली, आणि घरी मोहाची दारू गाळणारा आदिवासी त्यांचं गिऱ्हाईक आणि अनेकदा कर्जदार झाला. १९२२-२३ मध्ये त्या भागातल्या आदिवासींनी ‘देवी’ची चळवळ केली, तेव्हा दारू-ताडी सोडण्याचा आणि पारशी दुकानदारांवर बहिष्काराचा पुकारा झाला, त्याला हीच पार्श्वभूमी होती. दारूवाला, ताडीवाला ही आडनावं ऐकताना हा भागही लक्षात राहावा असं मला मनापासून वाटतं.

आता ‘नेहमी नाही’ का? आपल्या ‘दारूगोळा’ या शब्दातली दारू ही बंदुकीची. गुजरातीतही तो अर्थ आहे. त्यामुळे एखाद्या दारूवाला घराण्याचा मूळ धंदा बंदुकीच्या दारूचा किंवा शोभेच्या दारूचा असू शकतो. नुसत्या नावावरून निकाल लावता येत नाही. गाव, परवाना, जुनं दुकान कुठे होतं, हे पाहावं लागतं.

मुंबईत १९३९ मध्ये दारूबंदी आली, १९४९ चा दारूबंदी कायदा झाला, गुजरातेत ती अजून आहे. धंदाच बेकायदा झाला, तरी आडनावं हलली नाहीत. इंग्रजी कवी केकी दारूवाला पोलीस सेवेत होते, बेजान दारूवाला ज्योतिषी. नाव पक्कं होऊन तोवर दोन-तीन पिढ्या उलटल्या होत्या.

गावावरून आलेली आडनावं कशी ओळखायची?

मराठीत आपण गावाला ‘कर’ लावतो, तिथे गुजरातीत शेवट वेगवेगळे आहेत. बिलिमोऱ्याचे बिलिमोरिया, रांदेरचे रांदेरिया, उदवाड्याचे उदवाडिया, भरूचचे भरूचा, खंभातचे खंबाटा, संजाणचे संजाणा, बलसाडचे बलसारा. गायक फ्रेडी मर्क्युरी जन्माने फारुख बलसारा, जन्म झांझिबारचा. म्हणजे घर आफ्रिकेत पोचलं तरी नावातलं गाव गुजरातेतलंच. काही वेळा सरळ ‘वाला’ लागतो: पूनावाला, तारापोरवाला. मरीन ड्राइव्हवरच्या मत्स्यालयामुळे दुसरं नाव आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे, आणि ते तारापूर आपल्याच पालघर जिल्ह्यातलं.

एक गोष्ट तर्काने सहज कळते. भरूचमध्ये राहणाऱ्या माणसाला भरूचा म्हणून काय वेगळं ओळखणार? गावाचं नाव बहुधा गाव सोडल्यावर लागतं. पुजारी घराण्यांत मात्र थोडं सांभाळून बोलावं लागतं. संजाणा, भरूचा, खंबाटा ही धर्मगुरूंच्या जुन्या क्षेत्रविभागांचीही नावं आहेत, त्यामुळे तिथे गाव आणि धार्मिक परंपरा दोन्ही गुंतलेली असतात.

आणि गाव असूनही माणूस त्या गावचा नसतो, असंही होतं. समाजसुधारक बेहरामजी मलबारी जन्माने मेहता. वडील वारल्यावर मेरवानजी नानाभाई मलबारी यांनी त्यांना दत्तक घेतलं. मेरवानजी मलबार किनाऱ्यावरून चंदन आणि मसाले आणून विकत, म्हणून मलबारी. मुलगा त्या किनाऱ्याचा नाही, बापही नाही, फक्त माल तिकडचा. एडनशी व्यापार करणारे एडनवाला झाले तेही असेच.

सख्ख्या भावांची आडनावं वेगळी कशी?

एक कल्पित घर घेऊ. बिलिमोऱ्याहून तीन भाऊ १८६० च्या सुमारास मुंबईला आले. थोरल्याने दारूचं दुकान काढलं, मधल्याने रेल्वेच्या भरावाचा ठेका घेतला, धाकटा पेढीवर कारकून लागला. तिघांनी आपापली मुलं वेगवेगळ्या वर्षी शाळेत घातली. मास्तरांनी विचारलं, घराण्याचं नाव काय? पहिल्याचं दारूवाला लिहिलं गेलं, दुसऱ्याचं कॉन्ट्रॅक्टर. कारकुनाला धंद्याची ओळख नव्हती, म्हणून गावच पुढे आलं: बिलिमोरिया. पुढच्या पिढीतली सख्खी चुलत भावंडं कागदावर तीन घराण्यांची झाली. म्हणून दोन दारूवाला एकमेकांचे नातेवाईक असतीलच असं नाही, आणि दारूवाला व बिलिमोरिया मात्र असू शकतात.

इराणी हे आडनाव कशावरून?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या सुरुवातीला यझद-केरमान भागातून आलेल्या जरथुष्ट्री कुटुंबांवरून. इराणमध्येच आडनावांची सक्ती १९२५ च्या कायद्याने झाली, त्याआधी आलेल्यांकडे दाखवायला आडनाव नव्हतं. इथे त्यांची सर्वांत ठळक ओळख म्हणजे ते इराणहून आले, म्हणून इराणी.

नावात ‘वाला’ किंवा ‘इंजिनीअर’ आहे, म्हणजे माणूस पारशी?

नाही. बोहरी, खोजा, मेमन या गुजराती मुस्लिम व्यापारी समाजांतही हीच रीत चालली. विचारवंत असगरअली इंजिनीअर बोहरी होते. मेहता, देसाई, मोदी, गांधी तर हिंदू आणि जैनांतही आहेत, कारण ती जातीची नव्हे तर कामांची नावं आहेत. समाज ओळखायचा तर पहिलं नाव पाहावं.

सोडावॉटरबॉटलओपनरवाला खरंच आहे का?

हे नाव विनोदांतून फिरतं. सोडावॉटरवाला आणि बाटलीवाला ही मात्र साधी, खरी आडनावं आहेत.

आपल्या ओळखीच्या घराचं मूळ आडनाव शोधायचं तर सुरुवात कुठून करावी?

आडनावावरून मागे जाऊ नका, वडिलांच्या नावांच्या साखळीवरून जा. घरात आजोबा-पणजोबांची नावं आठवणीत असतात, कारण धार्मिक विधींत दिवंगतांची नावं घेतली जातात. ती क्रमाने लिहून काढा. मग विवाहाचे दाखले, मृत्युपत्रं, अग्यारीतल्या देणगीदारांच्या पाट्या यांत ‘स्वतःचं नाव अधिक वडिलांचं नाव’ ही जोडी शोधा. १८६० च्या मागे गेलात की आडनाव बहुधा गायब होतं आणि जोडीच हाती लागते.

संगणकावर शोधताना इंग्रजी स्पेलिंग बदलून बदलून पाहा. Daruwala, Daruwalla, Daruvala हे एकाच घरातल्या तीन माणसांनी वापरलेलं असू शकतं. बाटलीवाला तर Batliwala, Batlivala आणि अर्धं भाषांतर होऊन Bottlewalla असंही सापडतं. गुजराती नोंदीत हा घोळ कमी, म्हणून गुजराती वाचता येणारं कुणी बरोबर असेल तर आधी त्या नोंदी काढा.